‘प्रलंबित: काही नाही’

धंतोलीतल्या एका रुग्णालयात मी संगणक विभागात काम करते. तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरप्या छताची एक खोली आहे. दोन टेबलं, दोन फोन, एक संगणक. तिला सगळे फोनरूम म्हणतात. तिथे बसणाऱ्या ताई रुग्णालय सुरू झालं तेव्हापासूनच्या. आवाज मऊ, पण ऐकणारा घाबरून फोन ठेवून देणार नाही इतका ठाम. त्यांचं काम एकच होतं: ज्यांच्या तपासणीत काही वाईट निघालं, त्यांना फोन करून बोलावून घ्यायचं.

आमच्याकडे माणसं लांबून येतात. गोंदिया, गडचिरोली, उमरेड, कुठून कुठून. गाठीचा किंवा फोडाचा तुकडा काढून तपासायला दिला की रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि तोवर नागपुरात राहणं कोणाला परवडत नाही. मग काउंटरवर त्यांना सांगायचे, घरी जा, रिपोर्टमध्ये काही असलं तर आम्ही फोन करू. आणि धीर द्यायला पुढे एक वाक्य जोडायचे: फोन नाही आला तर काळजी करू नका. चिठ्ठीवर रिपोर्ट न्यायला येण्याची तारीख लिहिलेली असायची. पण शेतीची कामं, गाडीभाडं, घरातली लहान पोरं हे सगळं असताना चिठ्ठी कोण पाहतं? लोक ते वाक्य घेऊन घरी जायचे.

रिपोर्ट तयार झाला की पॅथॉलॉजीच्या डॉक्टर तो संगणकावर पाहून सही करत, आणि रुग्णाला परत बोलवायला हवं असेल तर त्यावर खूण करत. ती खूण झाली की ते नाव ताईंच्या पडद्यावर यायचं. ताई फोन करत, तशी नोंद करत, नाव पडद्यावरून जायचं. कोणीच उरलं नाही की पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, ‘प्रलंबित: काही नाही’.

ही यादी आमच्या सरांनी बनवली होती. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. मी नोकरीला लागले तेव्हा मला कामाचं ओ की ठो कळत नव्हतं. खुर्ची शेजारी ओढून त्यांनी मला सगळं शिकवलं. चिडले असे मला आठवत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास यादी रिकामी झाली.

त्यात कोणाला नवल वाटलं नाही. दिवाळीत तपासण्या कमी होतात, सणाच्या तोंडावर कोणी तुकडा काढायला येत नाही. आदल्या वर्षीही त्या दिवसांत यादी रिकामी झाली होती आणि तेव्हा ती खरोखरच रिकामी होती. शिवाय त्याच सुमारास व्यवस्थापनाने फोनरूममध्ये एक मुलगी वाढवून दिली होती, तुंबलेलं काम उपसायला. काम उपसलं गेलं असंच सगळ्यांना वाटलं. महिन्याच्या बैठकीत व्यवस्थापकांनी ताईंचं कौतुक केलं. ताईंनी दुसऱ्या दिवशी चिवडा आणला.

दिवाळी संपून बरेच दिवस झाले तरी यादी रिकामीच होती. तेव्हा ताईंनी स्वतः सरांना फोन करून विचारलं होतं. मी त्या वेळी सरांच्या शेजारीच बसले होते. सरांनी ताईंच्या पडद्यामागचा प्रश्न, म्हणजे डेटाबेसला ती यादी मागणारी क्वेरी, आपल्या संगणकावर चालवून पाहिली. कुठली चूक दाखवली गेली नाही. उत्तर आलं, शून्य ओळी. सर म्हणाले, “ठीक आहे जी ताई. सिस्टीम व्यवस्थित चालून राहिली. कोणी नाही म्हणजे कोणी नाही.”

मलाही त्यात काही खटकलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं असू शकतं तोच प्रश्न पुन्हा विचारून काय कळणार, हे आज सुचतं. त्या दुपारी आम्ही दोघांनी चहा मागवला होता.

त्यानंतर एका सकाळी पॅथॉलॉजीतला प्रिंटर बंद पडला म्हणून मी वर गेले. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या, शेजारी काचपट्ट्यांचे ट्रे रचलेले. मी केबल काढत होते तेवढ्यात त्यांनी मान वर न करता विचारलं, ती उमरेडची बाई आली का गं दाखवायला? गालातल्या फोडाची. मी खूण करून बरेच दिवस झाले, सर्जन तर म्हणतात त्यांच्याकडे आलीच नाही.

मी म्हटलं, खाली विचारून सांगते.

खाली ताईंनी शोधलं. त्या नावाने फोन केल्याची नोंद नव्हती. त्यांना आठवतही नव्हतं, आणि ताई कोणाला विसरत नसत. पडद्यावर हिरवी अक्षरं होती.

मी तिथेच स्टुलावर बसले. ताई काहीतरी बोलत होत्या, माझं लक्ष नव्हतं. त्या बाईच्या रिपोर्टवर खूण आहे. तिला फोन झालेला नाही. मग तिचं नाव या पडद्यावर असायलाच हवं. ते नाही, म्हणजे यादी रिकामी नाही, यादी बिघडली आहे. आणि बिघडली असेल तर कधीपासून, हा पुढचा प्रश्न होता.

मी वर आमच्या विभागात धावले. सरांना काही न सांगता माझ्या संगणकावर बसले. सरांची क्वेरी चालवली नाही, वेगळ्या वाटेने विचारलं. आधी फक्त खूण केलेले रिपोर्ट मोजले. मग त्यांतल्या किती रिपोर्टांची फोनांच्या नोंदीत जोडी लागते ते मोजलं. दोन्ही आकडे सारखे असते तर यादी खरोखर रिकामी असती. ते सारखे नव्हते. जवळपासही नव्हते.

मग सरांची क्वेरी उघडून अटी एकेक करून काढू लागले. ती अगदी साधी होती: ज्यांच्यावर खूण आहे आणि ज्यांचा रिपोर्ट क्रमांक केलेल्या फोनांच्या नोंदीत नाही, ते दाखव. दुसरी अट काढली की ओळी धो धो यायच्या, घातली की शून्य. म्हणजे घोळ फोनांच्या नोंदीत होता. त्या नोंदी क्रमांकाप्रमाणे लावल्या तर सगळ्यात वर एक ओळ होती आणि तिच्यात रिपोर्ट क्रमांकाची जागा कोरी होती.

कोणीतरी स्वतःहून फोन करून डॉक्टर कधी बसतात ते विचारलं होतं. दिवाळीआधी आम्ही ताईंच्या सोयीसाठी असे इतर फोनही नोंदवायची व्यवस्था केली होती. त्या फोनला रिपोर्ट नव्हताच, म्हणून क्रमांक कोरा राहिला. एवढंच. डेटाबेस कोऱ्या जागेला शून्य मानत नाही, ‘माहीत नाही’ मानतो. प्रत्येक रिपोर्टाशी तो फोनांच्या सगळ्या नोंदी ताडून पाहायचा. हा क्रमांक पहिल्या नोंदीपेक्षा वेगळा आहे? हो. दुसऱ्या? हो. त्या कोऱ्या नोंदीपेक्षा? माहीत नाही. आणि ‘माहीत नाही’ असं असेल तर तो रिपोर्ट त्या नोंदीत नाहीच, असं त्याला ठामपणे म्हणता येईना, म्हणून तो ती ओळ वगळायचा. ज्यांना फोन झाले ते तर वगळायचेच होते. ज्यांना झाले नाहीत तेही एकूण एक वगळले जात होते. एका कोऱ्या जागेने सगळा पडदा पुसून टाकला होता आणि यंत्राच्या दृष्टीने कुठे काही चुकलं नव्हतं.

मी सरांना हाक मारली. ते मागे येऊन उभे राहिले. मी बोट ठेवलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. खुर्ची हलली, म्हणून मला कळलं.

“मी पाहिलं होतं न,” ते म्हणाले. “मी रन करून पाहिलं होतं.”

दुरुस्ती अक्षरशः एका ओळीची होती. कोऱ्या जागेने फसणार नाही अशा रीतीने तोच प्रश्न विचारला आणि ताईंना सांगितलं, पडदा ताजा करा. मी खाली पोचले तेव्हा ताई बटण दाबून दाबून यादी खाली सरकवत होत्या आणि ती संपत नव्हती. नवी मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. ताईंनी चष्मा पुसला, पहिलं नाव वाचलं आणि फोन उचलला.

दोन फोन पुरणार नव्हते, म्हणून आम्हीही बसलो, मी आणि सर. काय बोलायचं ते ताईंनी शिकवलं: नाव विचारा, नातं विचारा, डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय एवढंच सांगा, आजाराचं नाव घेऊ नका. बरेच जण चिठ्ठीवरच्या तारखेला येऊन रिपोर्ट घेऊन गेले होते, ते उपचारालाही लागले होते. काहींनी दुसरीकडे दाखवलं होतं. काही नंबर लागत नव्हते. प्रत्येक “हो जी, आम्ही आलो होतो न मागंच” ऐकलं की सर डोळे मिटायचे.

उमरेडचा फोन मी केला. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, म्हणून तो मीच करावा असं वाटलं. फोन नवऱ्याने उचलला. तो कोळसा खाणीत कामाला होता, आणि बायको खाणीतल्या एकट्या कामगारांसाठी घरी खानावळ चालवायची, हे मला नंतर कळलं. मागे कुकरची शिट्टी होत होती. मी ताईंनी शिकवल्याप्रमाणे बोलले.

तो म्हणाला, “काहून जी मॅडम? तुम्हीच तं म्हणलं होतं, फोन नाही आला तं चिंता करू नका.”

मी म्हटलं, रिपोर्ट दाखवायचा राहिलाय, लवकर या.

तो म्हणाला, “तिले आता तोंडच उघडता येत नाही बरोबर. गरम लागलं असन म्हणून राहिली होती. आम्ही म्हटलं दवाखान्यातून फोन नाही आला, म्हणजे साधंच असन.” मग त्याने विचारलं, “उद्या आलो तं चालन का?”

मी म्हटलं, हो, उद्याच या.

ते आले. मी मुद्दाम खाली गेले होते. बाई चाळिशीची, अंगाने भरलेली, हिरवं लुगडं, पदराने अर्धं तोंड झाकलेलं. गळ्याच्या एका बाजूला सूज होती ती पदरातूनही दिसत होती. ती आजूबाजूला पाहत होती आणि घाईत असल्यासारखी वाटत होती. दुपारचे डबे शेजारणीवर टाकून आली होती.

सर्जननी मला नंतर सांगितलं, की पहिल्यांदा आली तेव्हा फोड लहान होता. तेव्हा लगेच ऑपरेशन झालं असतं तर बरी शक्यता होती. आता गळ्यातल्या गाठी वाढल्यात, जबड्यालाही लागलंय. मी विचारलं, या वाया गेलेल्या दिवसांमुळेच का? ते बराच वेळ हात धूत राहिले. म्हणाले, काही फोड मुळातच वाईट असतात, लवकर आली असती तरी हेच झालं असतं असंही असेल. नसेलही. कोणी सांगू शकत नाही.

त्या ‘कोणी सांगू शकत नाही’मध्येच आम्ही पुढचे सगळे महिने काढले. कोणी ठामपणे म्हटलं असतं की तुमच्यामुळे झालं, तर रडून घेतलं असतं. तुमच्यामुळे नाही म्हटलं असतं, तर झोप लागली असती.

तिचं मोठं ऑपरेशन झालं. गालाचा आणि जबड्याचा भाग काढला. नंतर किरणांचे शेकही दिले. मी अधूनमधून वॉर्डात जायचे. ती नळीतून अन्न घ्यायची आणि पाटीवर खडूने लिहायची. एकदा तिने मला विचारलं, भाजीत आता मीठ कोण पाहत असेल. मी तिच्याशी दुसरं काय बोलणार? शेजारीण करतेय म्हणे खानावळ, असं सांगितलं. तिने पाटी पुसली आणि भिंतीकडे वळून झोपली.

व्यवस्थापनाने चौकशी केली. ती चौकशी सौम्य होती, हेच मला सहन झालं नाही. कोणावर ठपका ठेवला नाही. ‘तांत्रिक विलंब’ असा शब्द ठरला आणि रुग्णांना विचारलंच तर तोच सांगायचा, असं आम्हाला बजावलं. सरांनी बैठकीत उठून म्हटलं, ज्यांना उशीर झाला त्यांना खरं सांगायला हवं. व्यवस्थापक म्हणाले, सांगून त्यांचं काय भलं होणार आहे? सर खाली बसले.

त्यानंतर सर बदलले. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे आणि पॅथॉलॉजीतून खूण केलेल्या रिपोर्टांचे क्रमांक हाताने उतरवून ताईंच्या यादीशी ताडून पाहायचे. यादी बरोबर असायची. तरी दुपारी पुन्हा पाहायचे. मग इतर याद्याही पाहू लागले: रक्ताच्या, औषधांच्या, बेडच्या. कुठे ‘काही नाही’ दिसलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसायचे. मी म्हणायचे, सर, मी पाहिलंय, खरंच रिकामं आहे. ते म्हणायचे, तू काय पाहिलंस ते सांग. आणि मी सांगितलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. आता ते लकडगंजात मेहुण्याच्या लाकडाच्या वखारीत बसतात. मी एकदा भेटायला गेले. चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली. संगणकाचा विषय निघाला तसे उठून बाहेर गेले आणि ट्रकमधून फळ्या उतरवणाऱ्यांना उगीचच सूचना देऊ लागले.

त्यांच्या जागी मला बसवलं. मी जमलं ते केलं. फोनाच्या नोंदीत रिपोर्ट क्रमांक कोरा ठेवायला बंदी घातली आणि इतर फोनांची नोंद वेगळी केली. ताईंच्या पडद्यावर तळाशी तीन आकडे लावले: खूण केलेले, फोन झालेले, उरलेले. पहिल्यातून दुसरा वजा करून तिसरा आला नाही तर पडदा लाल व्हायचा. आणि एक खोटी रुग्ण तयार केली, जी कधीच यादीतून जाणार नाही. तिचं नाव दिसतंय तोवर यादी जिवंत आहे, आणि ती दिसली नाही तर रिकाम्या पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी ताईंना सांगितलं. ताई रोज सकाळी आधी तिला शोधायच्या.

काही महिन्यांनी रुग्णालयाची दर्जा तपासणी होती. व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारलं, आपल्याकडे प्रलंबित आकडा कधीच शून्य का होत नाही? एक कायम उरलेलंच दिसतं, बाहेरच्या लोकांना बरं वाटत नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, सगळं पटल्यासारखी. म्हणाले, ठीक आहे, पण तपासणीपुरतं काढून टाका. मी काढणार नाही म्हटलं. त्यांनी बाहेरच्या कंपनीच्या माणसाकडून स्वतःच्या पडद्यावरचा आकडा बदलून घेतला. ताईंच्या पडद्याला हात लावला नाही, तेवढ्यावर मी गप्प बसले. भांडायची ताकद उरली नव्हती. तपासणीच्या दिवशी तोच पडदा खाली मोठ्या टीव्हीवर लावला होता, त्यावर हिरवं शून्य झळकत होतं आणि सगळे त्यासमोर फोटो काढत होते.

उमरेडची बाई उन्हाळ्यात गेली. गाठी पुन्हा आल्या होत्या.

तिचा नवरा विम्याच्या कामासाठी कागद न्यायला आला तेव्हा रेकॉर्ड विभागाने त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण जुन्या तारखांची प्रत माझ्याकडून निघायची. तो समोर बसला. हाताच्या नखांत कोळसा होता, शर्ट इस्त्रीचा. मी प्रिंट काढत होते. तो पडद्याकडे पाहत म्हणाला, “मॅडम, एक विचारू? त्या वेळेस आमचा फोन काहून नाही आला?”

मला ‘तांत्रिक विलंब’ म्हणायचं होतं, म्हणजे तसं म्हणायला सांगितलं होतं. मी दार लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. यादी कशी बनते, कोरी जागा कशी राहिली, पडद्यावर कोणी नाही असं कसं आलं, आणि आम्ही ते खरं कसं मानलं. सोप्या शब्दांत सांगत गेले.

शेवटी त्याने विचारलं, “म्हणजे मशीन बिघडली होती, आणि कोणाले समजलंच नाही?”

“नाही समजलं.”

“आमच्या इथं कोळशाचा पट्टा बिघडला तं आवाज येते,” तो म्हणाला. “सगळे धावतात.”

मी म्हटलं, हिचा आवाज येत नाही.

त्याने कागद घडी करून खिशात घातले. मला वाटलं आता ओरडेल, तक्रार करीन म्हणेल. त्याने तसं केलं असतं तर मी साक्ष दिली असती. तशी मनाची तयारी मी केली होती. पण तो फक्त म्हणाला की त्या दिवसांत ती रोज विचारायची, दवाखान्यातून फोन आला का जी? आणि तो दरवेळी खुशीत सांगायचा, नाही आला. ती म्हणायची, बरं झालं.

“मी खुशीत सांगत होतो,” तो पुन्हा म्हणाला.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने घेतला नाही. उमरेडच्या बसची वेळ झाली म्हणाला आणि उठला. मी त्याच्यासोबत जिन्यापर्यंत गेले. खाली ओपीडीची गर्दी होती, काउंटरवर एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती आणि काउंटरवरची मुलगी तिला सांगत होती की घरी जा आजी, काही असलं तर आम्ही फोन करू. पुढचं वाक्य मी बंद करवलं होतं. पण आजींनी स्वतःच विचारलं, “आन् नाही आला तं?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, नाही आला तरी या. आजींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, गाडीभाड्याचं काहीतरी नातवाला म्हणाल्या आणि निघाल्या. त्या येतील असं मला वाटलं नाही.